मी विचारत राहते, तो गप्प होत जातो. हे चक्र कुणी तोडलंय का?

रानजाई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

लग्नाला नऊ वर्षं झाली, मुलगी दुसरीत आहे, दोघंही नोकरी करतो, पिंपरी-चिंचवडला राहतो. नवरा माणूस म्हणून चांगला आहे. व्यसन नाही, हात उगारणं नाही, मुलीचं सगळं करतो. पण कुठलाही अवघड विषय निघाला की आमची ठरलेली चाल सुरू होते. मी विचारते, तो तुटक उत्तर देतो. मी पुन्हा विचारते, तो आणखी तुटक होतो. माझा आवाज चढतो, त्याचा चेहरा दगडासारखा होतो आणि शेवटी तो उठून जातो. दुसऱ्या दिवशी काही झालंच नाही असं वागतो.

सध्याचा विषय असा आहे. माझ्या दिरांनी तासगावकडे द्राक्षबागेसाठी एका पतसंस्थेचं कर्ज काढलं, त्याला नवरा जामीनदार आहे. मला हे कळलं ते थकबाकीची नोटीस आमच्या पत्त्यावर आली तेव्हा. त्याने भावाशी एकदा स्पष्ट बोलावं एवढंच माझं म्हणणं आहे. पण भावाशी बोलणं दूरच, तो माझ्याशीही बोलत नाही.

प्रश्न एवढाच, अशा माणसाला बोलतं कसं करायचं?

आप्पा_सातारकर

ताई, आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, त्या अधिकाराने सांगतो. पुरुष माणसाच्या मागे लागलं की तो कोषात जातो. महिनाभर विषयच काढू नका. आपल्या कामात राहा, हसतमुख राहा. त्याला मोकळीक मिळाली की आपोआप बोलेल. आमच्या हिने हेच केलं.

भटक्या_सांगलीकर

आधी नोटीस नीट वाचा. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, भारतीय करार कायदा कलम १२८. ‘आधी भावाकडून वसूल करा, मग माझ्याकडे या’ असं साधारणपणे म्हणता येत नाही. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मागू शकते, आणि तो मिळाला की जामीनदाराच्या मालमत्तेपर्यंत पोचता येतं. नोटीस कुठल्या टप्प्यावरची आहे? नुसती मागणी नोटीस आहे की १०१ ची सुनावणी लागलीय? सुनावणीची तारीख असेल तर गैरहजर राहू नका.

रानजाई

@भटक्या_सांगलीकर, खूप आभार. मागणी नोटीसच आहे. पण माझा प्रश्न कर्जाचा नव्हता हो, गप्प बसण्याचा होता. कर्ज नव्हतं तेव्हा मुलीच्या शाळेवरून असंच झालं होतं.

@आप्पा, महिनाभर गप्प राहून पाहिलंय. त्यालाही महिनाभर बरंच वाटलं असावं. विषय काही निघाला नाही.

ओसरी

रानजाई, मी जोडप्यांबरोबर समुपदेशनाचं काम करते. माझ्याकडे येणाऱ्या दहा जोडप्यांत अर्धीअधिक याच चालीत अडकलेली असतात, तेव्हा तुमचं घर काही जगावेगळं नाही. पण ‘त्याला बोलतं कसं करायचं’ हा प्रश्न मला थोडा बाजूला ठेवावासा वाटतो. कारण तुम्ही त्याला बोलतं करायला जे करता, नेमकं त्यानेच तो गप्प होतो. आणि तो भांडण टाळायला जे करतो, त्यानेच भांडण पेटतं. दोघांचे उपाय एकमेकांचं दुखणं होऊन बसलेत.

एक करा. अलीकडचा एक प्रसंग इथे लिहा. फक्त कोण काय म्हणालं आणि कुणी काय केलं तेवढंच. कुणाच्या मनात काय होतं, कोण का तसं वागलं, यातलं काही लिहू नका.

रानजाई

लिहिते. बुधवारची रात्र. जेवणं झाली होती, मुलगी झोपली होती. मी ओटा आवरत होते, तो टेबलापाशी मोबाईल बघत बसला होता.

मी: भावजींना फोन केलास?
तो: करतो.
मी: गणपतीपासून करतोयस.
तो: (मोबाईलकडे बघतच) बघू या ना.
मी: नोटीस आपल्या पत्त्यावर आलीय, त्यांच्या नाही.
तो: माहितीय मला.
मी: मग? उद्या आपल्याकडून वसुली सुरू झाली तर फ्लॅटचा हप्ता कुठून भरायचा?
तो काही बोलला नाही.
मी: तुला ना, तुझ्या घरच्यांपुढे तोंडच उघडता येत नाही. माझ्यापुढे मात्र बरोबर गप्प बसता येतं.
तो काही बोलला नाही.
मी: मी भिंतीशी बोलतेय का?

तो उठला, चपला घातल्या, खाली गेला. मी व्हॉट्सअ‍ॅपवर मोठमोठे मेसेज टाकले. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. उशिरा आला आणि झोपला. सकाळी म्हणाला, “डबा मी भरतो, तू आवर.”

कडीपत्ता

वाचताना घाम फुटला. मी तो नवरा आहे. म्हणजे तुमचा नाही, पण तोच.

आमच्याकडे विषय वेगळे असतात, चपला त्याच. आतून कसं असतं ते सांगतो, कारण बायकांना वाटतं की आम्हाला काही वाटतच नाही. बायको बोलायला लागली की माझ्या डोक्यात एकेक उत्तर येतं, आणि प्रत्येकावर ती काय म्हणेल तेही लगेच दिसतं. ‘करतो’ म्हटलं तर ‘कधी?’ ‘नाही केला’ म्हटलं तर ‘का?’ ‘भीती वाटते’ म्हटलं तर ‘आता मोठा झालास ना?’ म्हणजे जे बोलू त्यातून भांडण वाढणारच. मग न बोलणं हाच कमी नुकसानीचा सौदा वाटतो. थोड्या वेळाने तर तिचे शब्दही नीट ऐकू येत नाहीत, नुसता आवाज येतो. छातीत धडधडत असतं, आणि बाहेरून मी म्हणे दगड.

ओसरी

कडीपत्ता, हे इथे लिहिलंत ते बरं केलंत. याला मोजमापाचा आधार आहे. अमेरिकेत जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हनसन यांनी जोडप्यांना प्रयोगशाळेत बसवून, नाडीचे ठोके मोजत त्यांना वादाच्या विषयावर बोलायला लावलं. वाद टिपेला गेला की बसल्या जागी ठोके मिनिटाला शंभराच्या वर जातात, आणि त्या अवस्थेत समोरच्याचं ऐकून घेणं, विनोद सुचणं, दुसरी बाजू दिसणं हे सगळं आटतं. चेहरा दगडी दिसत असतानाही हे चालू असतं. एकदा त्यांनी यंत्रात काहीतरी बघायचंय असं सांगून वाद मध्येच थांबवला आणि जोडप्यांना मासिकं चाळायला दिली. अर्ध्या तासाने तीच माणसं त्याच विषयावर कितीतरी समजुतीने बोलली.

आता रानजाईंचा प्रसंग. मला त्यात तीन गोष्टी दिसतात.

नवरा चपला घालून गेला तेव्हा गेला असं तुम्हाला वाटतं. माझ्या मते तो ‘करतो’ म्हणाला तेव्हाच निघून गेला होता. ते उत्तर फोन करण्याबद्दलचं नव्हतं, विषय मिटवण्यासाठीचं होतं. तुम्हाला ते बरोबर कळलं, म्हणून तर तुमच्या दुसऱ्याच वाक्यात गणपती आले. माघार घेणारी माणसं बहुतेकदा होकार देऊनच माघार घेतात. ‘हो’, ‘करतो’, ‘बघू’, ‘तू म्हणशील तसं’. उठून जाणं हे पार शेवटचं. तसंच मागे लागणंही आवाज चढण्याच्या आधी सुरू होतं. भांडी जरा जोरात ठेवली जातात, उत्तर माहीत असलेला प्रश्न विचारला जातो.

दुसरं, विषय कसा घसरत गेला ते पाहा. फोन, मग नोटीस, मग फ्लॅटचा हप्ता, मग त्याचा स्वभाव. हप्त्यापर्यंतच्या तुमच्या प्रश्नांना उत्तर देता आलं असतं. ‘तुला तोंडच उघडता येत नाही’ याला उत्तर काय देणार? तो निकाल झाला. मात्र तिथपर्यंत तुम्ही पोचलात त्या उत्तर न मिळाल्यामुळे, हेही तितकंच खरं.

तिसरं, हाच प्रसंग तुमच्या नवऱ्याला लिहायला सांगितला तर तो दुसरीकडून सुरू करेल. तो म्हणेल, “दमून बसलो होतो, तेवढ्यात ही गणपतीपासूनचा हिशेब घेऊन आली.” तुम्ही मोजायला सुरुवात त्याच्या ‘करतो’पासून करता, तो तुमच्या गणपतीपासून करतो. पॉल वात्झलाविक यांनी १९६७ मध्ये नेमकं हेच उदाहरण मांडलं होतं, कटकट करणारी बायको आणि आक्रसणारा नवरा. दोघंही म्हणतात की मी फक्त उत्तर देतोय. दोघंही खरं बोलत असतात, म्हणून सुरुवात कुणी केली हा वाद कधी संपत नाही.

तिरफळ

सगळं ठीक आहे, पण पुढे काय येणार ते दिसतंय मला. बाईने सौम्य बोलावं, योग्य वेळ बघावी, आवाज चढवू नये. म्हणजे जामीन राहिला तो, लपवलं त्याने, फोन करत नाही तो, आणि शिकवणी हिची!

माझ्या घरी वीस वर्षं हेच चाललंय. सासूबाईंची औषधं, डॉक्टर, मुलांचे क्लास सगळं मी बघते. ‘तू यातलं काय घेशील?’ असं विचारलं की नवरा गप्प. त्याच्या नाडीचे ठोके काही शंभरावर जात नाहीत, मॅच बघत असतो. गप्प बसण्यात त्याचा फायदा आहे. तो गप्प बसला की काम माझ्याकडेच राहतं.

कांदाभजी

तिरफळ, +१००

ओसरी

तिरफळ, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि तो संशोधनातूनही पुढे आलेला आहे. अँड्र्यू ख्रिस्तेन्सेन आणि ख्रिस्तोफर हेवी यांनी १९९० मध्ये जोडप्यांना दोन प्रकारच्या विषयांवर बोलायला लावलं. एक बायकोला नवऱ्यात हवा असलेला बदल, दुसरा नवऱ्याला बायकोत हवा असलेला बदल. बायकोच्या विषयावर बोलताना ती मागे लागणारी आणि तो माघार घेणारा, हे चित्र ठळक होतं. नवऱ्याच्या विषयावर तो फरक जवळपास उरला नाही. म्हणजे बायका मुळातच मागे लागतात आणि पुरुष मुळातच गप्प असतात, एवढ्यावर भागत नाही. ज्याला बदल हवा तो मागे लागतो आणि ज्याचं आहे त्यात बरं चाललंय तो टाळतो. घरातल्या कामांची वाटणी जशी आहे ती पाहता बदल कुणाला हवा असणार हे सांगायला नको.

त्यामुळे एक फरक आधी करावा लागतो. कडीपत्ता यांच्यासारखा माणूस घाबरून गप्प होतो. तुम्ही म्हणता तो सोयीने गप्प होतो. ओळखायचं कसं? थांबायला वेळ दिल्यावर आणि परत यायची वेळ ठरवल्यावर पहिला चाचरत का होईना येतो. दुसरा येत नाही, किंवा येऊन ‘बोला, काय ते’ म्हणतो आणि त्यानंतरही काही बदलत नाही. दुसऱ्याला संवादाची युक्ती लागू पडत नाही. तिथे कामाची वाटणी हाच विषय असतो, बोलण्याची पद्धत नव्हे.

तिरफळ

आणि एकाच माणसात दोन्ही असेल तर? घाबरतोही, आणि सोयीचंही पडतं?

ओसरी

बरेचदा असंच असतं. तिथे माझ्याकडे सरळ उत्तर नाही.

निनाद_डब्लिन

आमच्याकडे पात्रं उलट आहेत. मागे लागणारा मी. विषय एकच, भारतात परतायचं की इथेच राहायचं. मी विचारतो, बायको म्हणते, “तू ठरव.” मी पुन्हा विचारतो, ती खोलीत जाते. मी दाराबाहेर उभा राहून बोलतो. मी एक्सेल शीटसुद्धा केली होती, दोन्हीकडचे खर्च, आईबाबांची वयं, मुलाची शाळा. ती तिने उघडलीही नाही.

एकदा सहज आमच्या शेजारणीला ती म्हणाली की मी काहीही बोलले तरी तो ते खोडून काढणार, त्यापेक्षा नकोच. मला वाटत होतं मी मदत करतोय.

कांदाभजी

एक्सेल शीट :D

मोगरा_८२

मी वेगळंच सांगतेय, धाग्याशी संबंध नसेल तर सोडून द्या. आमच्याकडे गप्प बसते ती मी. कारण उत्तर दिलं की वस्तू फेकल्या जातात. एकदा मुलाचा चष्मा गेला. मग मी ‘हो’ म्हणते आणि आत जाते. नवरा सगळ्यांना सांगतो की ही बोलतच नाही, हिच्याशी संसार कसा करायचा. मीही वर म्हटलंय तशी वेळ ठरवून बोलायला बसू का?

ओसरी

मोगरा, धाग्याशी संबंध आहे, आणि माझं उत्तर ‘नाही, बसू नका’ असं आहे. तुम्ही गप्प बसता ती सुरक्षिततेसाठी. वर चाललेलं सगळं फक्त तिथेच लागू आहे जिथे बोलल्यामुळे कुणालाही इजा होण्याची भीती नाही. तुमच्याकडे ही भीती आहे, म्हणून दोघांनी एकत्र समुपदेशनाला जाण्याचाही आग्रह धरू नका. तिथे जे बोलाल त्याची वसुली घरी होऊ शकते. आधी एकटीने बोला. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारहाण झालीच पाहिजे असं नाही, धमकावणं आणि मानसिक छळही येतो. जिल्ह्याला संरक्षण अधिकारी असतात. इथे जास्त तपशील लिहू नका, मी तुम्हाला खाजगी निरोप पाठवते.

शेवंती

आणि अबोला कशात मोडतो? माझे वडील भांडण झालं की पंधरा पंधरा दिवस आईशी बोलत नसत. आमच्यामार्फत निरोप. “आईला सांग, मीठ कमी आहे.”

ओसरी

ती शिक्षा झाली. घाबरून गप्प झालेला माणूस ठोके खाली आले की इतर गोष्टींवर बोलू लागतो, रानजाईंचा नवरा सकाळी डबा भरायला आला तसा. ते ‘काही झालंच नाही’ असं वागणं खटकतं खरं, पण बरेचदा ती त्याची जवळ येण्याची धडपड असते. शिक्षा म्हणून गप्प बसणारा समोरचा नमेपर्यंत थांबतो.

रानजाई

डब्याकडे मी असं कधी पाहिलं नव्हतं. मला उलट त्या डब्याचाच राग यायचा.

ओसरीताई, आता करायचं काय ते सांगा ना.

ओसरी

सांगते. जोडप्यांच्या उपचारात हे ज्या क्रमाने केलं जातं तसंच सांगते, कारण क्रम चुकला की बिघडतं.

आधी या चालीबद्दल बोला, कर्जाबद्दल नाही. शांत वेळ निवडा. समोरासमोर बसण्यापेक्षा चालताना किंवा गाडीत, जिथे नजर भिडवावी लागत नाही, तिथे जास्त सोपं जातं. एवढंच म्हणायचं, “मी जितकी मागे लागते तितका तू आत जातोस, आणि तू आत गेलास की मला एकटं पडल्यासारखं होतं आणि मी आणखी मागे लागते. आपण दोघंही यात अडकतो.” यात ‘तू सुरुवात करतोस’ हे कुठेही येऊ द्यायचं नाही. तो काही म्हणाला नाही तरी चालेल. तिथेच थांबायचं.

मग थांबण्याचा एक करार. वाद वाढतोय असं कुणालाही वाटलं तर थांबता येईल, पण उठून जायचं नाही, सांगून जायचं. आणि परत यायची वेळ घड्याळाने सांगायची. “माझं डोकं बंद पडलंय, साडेदहाला बोलू.” किमान अर्धा तास तरी लागतो, आणि दुसऱ्या दिवसाच्या पलीकडे ढकलायचं नाही. सर्वांत महत्त्वाचं हे की थांबायला ज्याने सांगितलं, विषय पुन्हा त्यानेच काढायचा. इथे आप्पांचा सल्ला अपुरा पडतो. मोकळीक द्यायला हवी हे त्यांचं बरोबर आहे, पण परत यायची वेळ नसेल तर मोकळीक म्हणजे एकाला सुटका आणि दुसऱ्याला टांगणी.

मधल्या वेळात त्याने उत्तरं जुळवत बसायचं नाही, त्याने ठोके खाली येतच नाहीत. भांडी घासावीत, चक्कर मारावी. तुम्ही मेसेज टाकायचे नाहीत. हे तुम्हाला सगळ्यात जड जाईल.

आणि तुमची सुरुवात. एक विषय, त्यातली एक घटना, तुम्हाला काय झालं, आणि पुढचं एकच पाऊल. “नोटीस आल्यापासून मला झोप लागत नाही. शनिवारपर्यंत आपण दोघांनी बसून भावजींना काय विचारायचं ते कागदावर लिहू या का?” याला ‘हो’ म्हणून पळता येत नाही, कारण दिवस ठरलाय, आणि निकालही लागत नाही.

तिरफळ, तुमच्यासाठी पुढचं. स्यू जॉन्सन यांच्या पद्धतीत चाल जरा सैलावली की आधी काम केलं जातं ते गप्प बसणाऱ्याला पुढे आणण्यावर. मागे लागणाऱ्याने मऊ होणं त्यानंतर येतं. कारण समोर कुणी नसताना मऊ कुणापुढे व्हायचं? आणि नेमकं इथेच बहुतेकांचं फिसकटतं. गप्प माणूस पहिल्यांदा तोंड उघडतो तेव्हा चांगलं बोलत नाही. तो म्हणतो, “मला तुझ्याशी बोलायचीच भीती वाटते.” समोरून लगेच येतं, “म्हणजे मीच वाईट?” किंवा “इतकी वर्षं कुठे होतास?” की तो पुन्हा आत. त्या पहिल्या ओबडधोबड वाक्याला उत्तर न देता ते नुसतं ऐकून घ्यायचं. जमलंच तर “अजून सांग”, बस्स.

कडीपत्ता

‘परत यायची वेळ सांग’ हे करून पाहिलं. सांगून गेलो तेव्हा बायको खरंच मागे आली नाही. पण परत येताना पाय जड होतात राव. अर्धा तास संपत आला की वाटतं, आता कशाला, ती शांत झालीय, उद्या बघू. तिथेच फसतं.

तिरफळ

तेच तर म्हणतेय मी. :)

रानजाई

बऱ्याच दिवसांनी लिहितेय.

मुलीला चित्रकलेच्या क्लासला सोडून परत येताना गाडीत मी ते चालीबद्दलचं बोलले. तो पूर्ण रस्ता गप्प. पार्किंगमध्ये गाडी लावल्यावर म्हणाला, “मला वाटायचं तुला फक्त पैशाची पडलीय.” मला लागलं ते. तोंडावर आलं होतं बरंच, ओसरीताईंचं वाक्य आठवून “अजून सांग” म्हटलं. तर म्हणाला, “दादाला विचारलं आणि तो म्हणाला की फेडू शकत नाही, तर मी तुला काय सांगणार होतो? माझ्याकडे उत्तरच नाही.” म्हणजे तो फोन करत नव्हता ते भावाला घाबरून नाही, त्या उत्तराला घाबरून. वडील गेल्यावर दादाने शिकवलं त्याला, बाग त्या दोघांची.

त्यानंतरच्या आठवड्यात एकदा पुन्हा तेच झालं. तो “दहाला बोलू” म्हणून खाली गेला आणि दहाला टीव्ही लावून बसला. मी मेसेज नाही टाकले, पण टीव्हीपुढे जाऊन उभी राहिले. बाकी सांगायला नको.

कागदावर मात्र बसलो. प्रश्न लिहिले. त्यात एक अडलंय. @भटक्या_सांगलीकर, तेव्हा तुम्हाला विषय सोडून आहे म्हटलं, आता तुमचीच गरज पडली. भावजींनी थोडी रक्कम उभी केली तर पतसंस्था तडजोड करते का? आणि बोलायला कुणी जायचं, कर्जदाराने की जामीनदाराने?

भटक्या_सांगलीकर

बऱ्याच पतसंस्था एकरकमी परतफेडीची तडजोड करतात, व्याजात सूट मिळू शकते, पण ती हक्क म्हणून मागता येत नाही, संचालक मंडळ ठरवतं. अर्ज कर्जदाराने करावा. जामीनदार बरोबर गेला तर बरं, कारण तडजोडीच्या पत्रात जामीनदारही मोकळा होतोय हे स्पष्ट लिहून घ्यायचं असतं. तोंडी आश्वासनावर एक रुपया भरू नका. आधी कर्जखात्याचा उतारा मागून घ्या, मुद्दल, व्याज आणि दंडव्याज वेगवेगळं दाखवलेला.

आप्पा_सातारकर

दोघा भावांनी बरोबर जावं. आणि जाताना गाडीत बोलावं, समोरासमोर नको. :)

रानजाई

आप्पा :D

उतारा मागायला शनिवारी दोघंही जाणार आहेत. म्हणजे नवरा ‘जातो’ म्हणालाय. किती वाजता निघणार ते विचारलं, तर म्हणाला सातची गाडी.